बँक म्हणते पंधरा, ताईंच्या हिशोबात साडेआठ. खरा दर किती?

वाचकाचं पत्र

मालवणजवळ आमचं छोटं होमस्टे आहे, सोबत खानावळ चालवते. नोव्हेंबरच्या शेवटी मासळीसाठी मोठा डीप फ्रीझर आणि इन्व्हर्टर घेतला, साठ हजार रुपये क्रेडिट कार्डावर. आता बँकेचा मेसेज आलाय: बारा हप्ते करा, दर वर्षाला १५ टक्के, हप्ता ५,४१६ रुपये, प्रोसेसिंग फी २ टक्के अधिक टॅक्स. मी गुणाकार केला तर एकूण ६४,९९२ होतात. म्हणजे साठ हजारांवर पाच हजार जादा, जेमतेम साडेआठ टक्के. बँकेत माझ्या नावावर एक लाखाची एफडी आहे, तिला ७ टक्के मिळतात. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलीय, मोडायला जीव होत नाही. दीड टक्क्याच्या फरकासाठी ती कशाला मोडू? शिवाय मे महिन्यात सीझनचे पैसे आले की उरलेले हप्ते एकदम भरून टाकीन. बिल भरायला दहा दिवस आहेत. हप्ते करून घेऊ ना?
— एक वाचक, मालवण

उत्तर

ताई, एफडी मोडू नका, हे आधीच सांगते. पण हप्तेही लगेच करू नका. दहा दिवस पुरेसे आहेत, त्यातली एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसू.

तुमचा गुणाकार बरोबर आहे, भागाकार चुकलाय. पाच हजारांना साठ हजारांनी भागलंत तेव्हा तुम्ही असं धरलंत की साठ हजार पूर्ण वर्षभर तुमच्याकडे राहणार. तसं ते राहत नाहीत. जानेवारीपासून दर महिन्याला त्यातले काही परत जातात. शेवटच्या महिन्यात बँकेचे पाच-साडेपाच हजारच तुमच्याकडे उरलेले असतात.

तुमच्याच धंद्यातली गोष्ट घेऊ. एका पाहुण्याने तुमच्याकडे बारा खोल्या घेतल्या आणि दर महिन्याला एक खोली रिकामी करत गेला. पहिल्या महिन्यात बारा खोल्या, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात दहा, असं करत शेवटच्या महिन्यात एक. वर्षाअखेर त्याने किती खोल्या वापरल्या? बारा अधिक अकरा अधिक दहा करत बेरीज करा, ७८ येते. बारा खोल्या वर्षभर वापरल्या असत्या तर ती १४४ झाली असती. म्हणजे त्याने निम्म्याहून थोडं जास्त वापरलं. त्याचं भाडं तुम्ही १४४ ने भागलंत तर एका खोलीचा दर फार स्वस्त दिसेल. तुमच्या साडेआठ टक्क्यांचं नेमकं हेच झालंय.

आता खोलीच्या जागी पाच हजार रुपये ठेवा. साठ हजार म्हणजे पाच-पाच हजारांच्या बारा खोल्या. ७८ गुणिले ५,००० म्हणजे ३,९०,०००. याचा अर्थ, तुम्ही वापरलेले पैसे आणि ते वापरलेले महिने एकत्र धरले तर एका महिन्यासाठी ३ लाख ९० हजार रुपये वापरल्यासारखं झालं. बँकेचं नुसतं व्याज ४,९८६ रुपये होतं (शेवटचा हप्ता काही रुपयांनी कमी येतो म्हणून तुमच्या आकड्यापेक्षा थोडं कमी). त्याला ३,९०,००० ने भागा: महिन्याला १.२८ टक्के, बाराने गुणलं की १५.३. बँकेच्या १५ टक्क्यांना हे अगदी जवळ आहे. बँकेने सांगितलेला दर खोटा नाही. तो फक्त व्याजाचा आहे, आणि तुम्हाला व्याजाशिवाय आणखीही भरायचं आहे.

पहिली गोष्ट प्रोसेसिंग फी. साठ हजारांचे २ टक्के म्हणजे १,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २१६ रुपये. एकूण १,४१६, आणि हे बहुधा पहिल्याच बिलात येतात.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. व्याजावरही जीएसटी लागतो. घराचं किंवा सोन्यावरचं कर्ज घेतलंत तर त्याच्या व्याजावर जीएसटी नसतो, कारण कर्जाचं व्याज करमुक्त ठेवलंय. पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून त्या सवलतीतून क्रेडिट कार्डाचं व्याज स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. म्हणून पहिल्या महिन्याचं ७५० रुपये व्याज असेल तर त्यावर आणखी १३५ रुपये कर. पुढे व्याज कमी होत जातं तसा करही कमी होतो. वर्षभरात हा कर ८९७ रुपये होतो. तो मेसेजमधल्या ५,४१६ च्या हप्त्यात नसतो, बिलात वेगळ्या ओळीवर येतो. म्हणून पहिल्या हप्त्याला तुमच्याकडून ५,४१६ ऐवजी फी धरून सात हजारांच्या आसपास जातील आणि तुम्हाला वाटेल काहीतरी चुकलंय. चुकलेलं नसतं.

आता सगळं एकत्र करू. व्याज ४,९८६, त्यावरचा कर ८९७, फी करासकट १,४१६. एकूण ७,२९९ रुपये. भागिले ३,९०,०००, म्हणजे महिन्याला १.८७ टक्के आणि वर्षाला साधारण २२ टक्के. तुमचा हिशोब साडेआठचा, बँकेचा मेसेज पंधराचा, आणि तुमच्या खिशातून जाणार ते बावीस टक्क्यांनी.

ही खोल्यांची रीत अंदाजाची आहे, पण अंदाज फार चुकत नाही. घरात कोणाला संगणकावर किंवा फोनवर तक्ता करता येत असेल तर नेमका दर असा काढता येतो. बी स्तंभात पहिल्या ओळीवर 60000 लिहा. त्याखाली बारा ओळींत प्रत्येक महिन्याला प्रत्यक्ष भरायची रक्कम उणे चिन्ह लावून लिहा: पहिला हप्ता, त्यावरचा कर आणि फी धरून -6967, दुसऱ्याला -5540, असं करत शेवटी -5422. मग खाली हे सूत्र टाका:

```
=IRR(B1:B13)*12
```

उत्तर 0.223 च्या आसपास येईल, म्हणजे २२.३ टक्के. आपण पेन्सिलीने काढला तोच आकडा. दर महिन्याचं व्याज किती हे बँकेच्या हप्त्यांच्या तक्त्यात मिळतं, आणि कर त्याच्या १८ टक्के.

कोणी विचारेल की हा दर बँकच का सांगत नाही. किरकोळ कर्ज देताना फी वगैरे धरून खरा वार्षिक दर एका पानावर लिहून देणं रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचं केलं, पण क्रेडिट कार्डावरची येणी त्यातून वगळली. कार्डाच्या हप्त्यांसाठी रिझर्व्ह बँकेची २०२२ पासून वेगळी अट आहे: हप्ते करण्याआधी मुद्दल किती, व्याज किती हे स्पष्ट दाखवायचं, बिलातही वेगळं दाखवायचं, आणि व्याज असलेल्या हप्त्यांना बिनव्याजी म्हणून खपवायचं नाही. तेव्हा मुद्दल आणि व्याज मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. फी आणि कर मिळवून एक आकडा काढणं मात्र आपल्याच अंगावर येतं.

आता मे महिन्याबद्दल. पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य मला तेच वाटलं. पैसे आले की एकदम भरून टाकू, हा विचार आपल्या किनाऱ्यावर अगदी साहजिक आहे. इथे पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. आंब्याला येतो, पाहुण्यांच्या सीझनला येतो, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा हाताशी काहीच नसतं. पण कार्डाचे हप्ते मुदतीआधी बंद करायला बहुतेक बँका पैसे घेतात. ३ टक्के हा नेहमी दिसणारा आकडा आहे, आणि त्यावर पुन्हा जीएसटी.

जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला माझ्या मावसबहिणीने घरातला फ्रीज आणि वॉशिंग मशीन असंच हप्त्यांवर घेतलं होतं. विम्याचे पैसे आल्यावर तिने मोठ्या समाधानाने सगळे हप्ते एकदम भरले. नंतरच्या बिलात बंद करण्याची फी पाहिली तेव्हा तिने मला फोन केला. मी स्वतः तेवीस वर्षं बँकेत काढलेली. तिने हप्ते करताना मला विचारलं होतं, आणि ही एक गोष्ट तिला सांगायची माझ्याकडून राहिली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या आकड्यांवर पाहू. जानेवारी ते मे पाच हप्ते भरलेत की मुद्दल ३६,०७९ उरतं. ते बंद करायची फी ३ टक्क्यांनी १,०८२, कर १९५, मिळून १,२७७. तोवर पाच महिन्यांचं व्याज ३,१५९ आणि त्यावरचा कर ५६९ गेलेला असेल. सुरुवातीची फी १,४१६, ती परत मिळत नाही. सगळं मिळून ६,४२१ रुपये. पूर्ण बारा महिने चालवलं असतं तर ७,२९९. म्हणजे छत्तीस हजार रुपये एक ते सात महिने आधी देऊन तुमचे वाचले फक्त ८७८. खोल्यांच्या रीतीने पाहिलं तर तुम्ही बारा, अकरा, दहा, नऊ आणि आठ अशा ५० खोल्याच वापरल्या, आणि दर ३० टक्क्यांच्या पुढे गेला. सुरुवातीची फी थोड्या महिन्यांवर वाटली जाते, म्हणून असं होतं.

याच कारणाने कमी मुदतीचे हप्ते दिसतात तितके स्वस्त नसतात. तीन हप्ते केले आणि दर व फी हीच राहिली तर एकूण ३,१९३ रुपये जातात, पण दर ३२ टक्के पडतो. रुपये कमी, दर जास्त. मग पाहायचं काय? तुमच्याकडे दुसरा काही मार्ग नसेल तर रुपये पाहा. जितक्या लवकर फेडाल तितकं चांगलं. दुसरा मार्ग असेल, म्हणजे एफडी, सोनं किंवा पतसंस्थेचं कर्ज, तर दर पाहा, कारण दोन मार्गांची तुलना दरानेच होते.

तुमच्याकडे दुसरा मार्ग आहे. एफडी मोडायची किंवा हप्ते घ्यायचे असे दोनच पर्याय तुम्ही धरलेत, पण तिसरा आहे: एफडीवर कर्ज. एफडी जागेवर राहते, तिचं ७ टक्के व्याज चालू राहतं, आणि तिच्या साधारण ८५-९० टक्क्यांपर्यंत बँक कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट देते. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. आपण ९ टक्के धरू. साठ हजार काढलेत, कार्डाचं बिल पूर्ण भरलंत आणि मे अखेरपर्यंत एक रुपयाही परत केला नाहीत, तरी सहा महिन्यांचं व्याज २,७०० रुपये. त्यावर जीएसटी नाही. ओव्हरड्राफ्ट असेल तर नाताळच्या गर्दीत आलेले दहा हजार जानेवारीत भरलेत की त्या दहा हजारांचं व्याज त्या दिवसापासून थांबतं. आपल्यासारख्या सीझनवर चालणाऱ्या घराला हे ठरलेल्या हप्त्यापेक्षा जास्त सोयीचं आहे. आणि समजा मे कोरडा गेला, फेडायला पूर्ण वर्ष लागलं, दर महिन्याला सारखी रक्कम भरत गेलात, तरी व्याज तीन हजारांच्या आत राहतं. समोर कार्डाचे ७,२९९ आहेत.

यात दोन ठिकाणी अडू शकतं. एफडी कर वाचवण्यासाठीची पाच वर्षांची असेल तर तिच्यावर कर्ज मिळत नाही, मुदतीआधी ती मोडताही येत नाही. आणि तुम्ही लिहिलंय तुमच्या नावावर आहे, पण पावती काढून खात्री करा. अज्ञान मुलीच्या नावावर असेल तर कर्ज मिळणं अवघड जातं. संयुक्त नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतील. म्हणून उद्याच पावती घेऊन शाखेत जा आणि तीन गोष्टी विचारा: कर्जाचा दर, काही फी आहे का, आणि पैसे किती दिवसांत खात्यात येतील. बऱ्याच बँकांच्या अॅपमध्येही हे घरबसल्या होतं.

हेच पत्र दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, ज्याच्याकडे एफडी नाही, सोनं नाही आणि बिल पूर्ण भरण्याइतके पैसेही नाहीत, तर माझा सल्ला वेगळा असता. त्याला मी म्हटलं असतं, हप्ते करून घ्या. कारण मग उरलेला मार्ग म्हणजे बिलावरची किमान रक्कम भरून बाकीचं पुढे ढकलणं, आणि तिथे महिन्याला साडेतीन टक्के दर सर्रास असतो. कर धरून ४.१३. वर्षाला ते पन्नास टक्क्यांच्या घरात जातं, व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्यापुढे २२ टक्के खूपच बरे. मात्र हप्ता बिलाच्या तारखेला पूर्ण भरायचाच. तो थकला की तो भागही त्याच महागड्या दरात शिरतो, वर उशिराचा दंड. पावसाळ्यात कमाई नसणाऱ्याने जून ते सप्टेंबरचे चार हप्ते कुठून येणार हे मुदत निवडण्याआधी ठरवलेलं बरं.

दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतात त्याबद्दलही बरेच जण विचारतात. तिथे व्याजाइतकी सूट किमतीत आधीच दिलेली असते आणि मग बँक ते व्याज लावते. व्याज सुटतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि फी असेल तर ती आपल्यालाच भरावी लागते. काउंटरवर एवढंच विचारा की एकरकमी पैसे दिले तर भाव किती कमी होईल. तो फरकही तुमच्या हप्त्यांच्या खर्चातच धरायचा.

ताई, एफडीवरचं कर्ज काही कारणाने जमलं नाही आणि हप्तेच घ्यावे लागले, तर बारा नव्हे, सहा घ्या, तेही मेच्या पैशांची खात्री असेल तरच. सहा हप्त्यांत हप्ता १०,४४२ येतो, वर कर, आणि एकूण खर्च ४,५४५. बारा घेऊन मेमध्ये बंद करण्यापेक्षा जवळजवळ एकोणीसशे रुपयांनी हे स्वस्त आहे. दहा-साडेदहा हजार जमण्यासारखे नसतील तर बारा घ्या आणि मध्ये बंद करायच्या भानगडीत पडू नका. फोनवर होकार देण्याआधी कस्टमर केअरला हे विचारा: फी ठरावीक रकमेची आहे की टक्क्यांत, मुदतीआधी बंद करायला किती टक्के, पहिल्या हप्त्यात जादा दिवसांचं व्याज धरलंय का, आणि विचार बदलला तर किती दिवसांत बिनखर्च रद्द करता येतं. उत्तरं ईमेलवर मागवा. हप्त्यांचा पूर्ण तक्ताही मागवा, म्हणजे बिल आल्यावर ओळीला ओळ ताडून पाहता येईल.

बिलाची तारीख जवळ आहे म्हणून क्रम असा ठेवा: उद्या एफडीची शाखा, तिथून होकार आला की पैसे खात्यात आल्या दिवशी कार्डाचं पूर्ण बिल. शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधीपर्यंत पैसे आले नाहीत तर त्या दिवशी हप्त्यांचा निर्णय घ्या, कारण हप्ते करायची सोय बहुधा बिल भरायच्या तारखेपर्यंतच असते.